क्वांटिटी सर्व्हेअरचा रेझ्युमे आणि दराच्या पोटातला हिशेब

प्रश्न: मी सात वर्षे क्वांटिटी सर्व्हेअर म्हणून काम करतो, पहिली तीन वर्षे सल्लागाराकडे, नंतरची चार कंत्राटदाराकडे. एका मुख्य कंत्राटदाराच्या जाहिरातीत एस्टिमेटिंग सॉफ्टवेअर (कँडी किंवा तत्सम), दरमहा अंतरिम बिल सादर करून ते प्रमाणित होईपर्यंतचा पाठपुरावा, आणि फिडिक या आंतरराष्ट्रीय अभियंता संघटनेच्या 1999 सालच्या रेड बुक या नमुना कंत्राटावर आधारलेल्या कामाचा अनुभव मागितला आहे. माझ्या रेझ्युमेत प्लॅनस्विफ्ट, ऑटोकॅड आणि एक्सेल आहे, 'आरए बिले तयार केली व तपासली' अशी अंतरिम बिलांची ओळ आहे, आणि 'पाइलिंगचे प्रमाण 30 टक्के वाढल्याने व्हेरिएशन सादर करून मंजूर करून घेतले' अशीही आहे. तरी बोलावणे येत नाही. माझा रेझ्युमे या जाहिरातीला कितपत उतरतो?

उत्तर: तीन अटींवर तीन वेगळी उत्तरे द्यावी लागतील. बिलांचा तुमचा अनुभव या जागेसाठी पुरेसा दिसतो, पण तो कोणत्या बाजूचा आहे हे रेझ्युमेवरून कळत नाही. सॉफ्टवेअरच्या रकान्यात तुम्ही जे लिहिले आहे, ते मागितलेल्या गोष्टीच्या शेजारचे आहे, तीच गोष्ट नव्हे. आणि कंत्राटाच्या अनुभवाची जी एकमेव ओळ आहे ती जाणकाराच्या हाती पडली, तर तुमच्या बाजूने बोलण्याऐवजी तुमच्याविषयी शंका निर्माण करते. गंमत अशी की तुमच्याकडचा सर्वांत मोलाचा अनुभव नेमका त्याच ओळीत दडलेला आहे, म्हणून मी सर्वांत जास्त वेळ तिथेच घालवणार आहे.

आधी जाहिरात नीट वाचू या. तिच्यातला कळीचा शब्द 'एस्टिमेटिंग' नसून 'प्रमाणित होईपर्यंतचा पाठपुरावा' हा आहे. ज्याला निविदा भरण्यासाठी माणूस हवा असतो तो मासिक बिलांचा उल्लेख करत नाही. ही जागा काम मिळाल्यानंतरची आहे, साइटवरची आहे. मग तिथे कँडीसारखे एस्टिमेटिंग सॉफ्टवेअर कशाला हवे? कारण निविदेच्या वेळी भरलेला प्रत्येक दर कशाकशाचा बनला आहे, हे त्या फाइलमध्ये असते. कँडीत बिलातल्या आयटमच्या मागे वर्कशीट असते आणि त्या वर्कशीटमध्ये मजुरी, साहित्य, यंत्रसामग्री ही साधने आपापल्या प्रमाणासह मांडलेली असतात. साइटवर काही बदलले, नवा दर मागावा लागला किंवा जुना दर टिकवावा लागला, तर त्या वर्कशीटपर्यंत जाऊन दराची फोड काढणारा आणि ती कंत्राटाच्या कलमात बसवून बिलात घालणारा माणूस त्यांना हवा आहे. म्हणजे जाहिरातीत अटी तीन दिसल्या तरी मागणी एकच आहे: दराच्या पोटात काय आहे हे ज्याला काढता येते, आणि ते काढून पुढे काय करायचे हे ज्याला कळते, असा माणूस. तुमचा रेझ्युमे मी याच एका दृष्टीने तपासला आहे.

सॉफ्टवेअरपासून सुरुवात करतो, कारण ते लवकर आटोपते. प्लॅनस्विफ्ट हे प्रामुख्याने टेकऑफचे साधन आहे. ड्रॉइंगवरून लांबी, क्षेत्रफळ आणि नग काढणे हे त्याचे मुख्य काम. ऑटोकॅडमध्ये तुम्ही ड्रॉइंग उघडून मापे घेत असाल. एक्सेलमध्ये काय करता ते तुम्ही लिहिलेलेच नाही, आणि या जागेसाठी सर्वांत महत्त्वाचे तेच होते. प्रमाण काढणे आणि दर बांधणे ही दोन वेगळी कामे आहेत. तुमच्या तिन्ही नावांवरून पहिले काम दिसते, दुसरे दिसत नाही. रेझ्युमे चाळणाऱ्याने 'कँडी किंवा तत्सम' या अटीपुढे बरोबरची खूण करायची कशाच्या आधारावर?

त्यात तुम्ही प्रत्येक नावापुढे पाचपैकी साडेचार चांदण्या रंगवल्या आहेत. त्या काढून टाकाव्यात. चांदण्यांचे एकक काय, हे आजवर कोणी मला सांगू शकलेले नाही, आणि आपल्या व्यवसायात एकक नसलेला आकडा कोणी वाचत नाही. त्याऐवजी त्या साधनाने काय मोजले आणि मोजलेले बरोबर आहे हे कसे ताडून पाहिले, ते एका वाक्यात यायला हवे. मुलाखतीतही प्रश्न त्याच दिशेने येतात. मी स्वतः उमेदवारासमोर ए-1 आकाराचे ड्रॉइंग ए-3 वर लहान करून बनवलेली पीडीएफ ठेवतो. तिच्या कोपऱ्यात '1:100' हे मूळचे प्रमाण तसेच छापलेले असते. ज्याने तेच प्रमाण टेकऑफमध्ये भरले त्याची प्रत्येक लांबी निम्मी येते आणि प्रत्येक क्षेत्रफळ चौथाई. ज्याने आधी ग्रिडच्या दोन रेषांमधले लिहिलेले अंतर मोजून प्रमाण जुळवले, त्याने ते साधन खरोखर वापरलेले आहे, हे मला पाच मिनिटांत कळते.

दुसरी परीक्षा बीम आणि स्लॅबची. 150 मिलिमीटरचा स्लॅब आणि 300 मिलिमीटर रुंदीचे बीम असताना एखाद्याने बीम पूर्ण खोलीने मोजले आणि स्लॅबही बीमवरून सलग मोजला, तर 400 मीटर लांबीच्या बीमवर 18 घनमीटर काँक्रीट दोनदा मोजले जाते. मॉडेलवरून आपोआप निघालेल्या प्रमाणातही घटक एकमेकांशी कसे जोडले आहेत यावर आकडा बदलतो, म्हणून 'सॉफ्टवेअरने दिले' हे उत्तर चालत नाही. तुम्ही असे काही पकडले असेल तर ते लिहा. ते चांदण्यांपेक्षा कितीतरी अधिक बोलते.

कँडी तुम्ही वापरलेले नसेल तर 'कँडीचे ज्ञान' असे लिहू नका. परीक्षकाने संगणक पुढे सरकवला की ते ज्ञान तिथेच संपते. पण एक्सेलमध्ये दरांची फोड केली असेल, म्हणजे मजुरीचे तास, साहित्याची नासधूस, यंत्राचे भाडे, वरकड खर्च आणि नफा असे वेगवेगळे मांडून दर बांधले असतील, तर ते काम तत्त्वतः तेच आहे आणि 'तत्सम' या शब्दाने तुमच्यासाठी दार उघडे ठेवले आहे. तेवढे स्पष्ट लिहिले तर बहुतेक परीक्षक सॉफ्टवेअर शिकवायला तयार असतात. सॉफ्टवेअर शिकायला काही आठवडे पुरतात, फोड करण्याची सवय लागायला वर्षे जातात.

आता बिले. 'आरए बिले तयार केली व तपासली' या ओळीत 'तयार केली' आणि 'तपासली' ही दोन क्रियापदे तुम्ही 'व' लावून जोडली आहेत. तुमच्या दृष्टीने तो सात वर्षांचा सारांश असेल, पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन विरुद्ध बाजूंची कामे आहेत. सल्लागाराकडे असताना तुम्ही दुसऱ्याने मागितलेली रक्कम पुराव्याशी ताडून कमी करत होता. कंत्राटदाराकडे आल्यावर पुरावा गोळा करून रक्कम मागत होता. मुख्य कंत्राटदाराला दुसरे काम करणारा हवा आहे, पण पहिले केलेले असेल तर त्याची किंमत दुप्पट होते, कारण समोरचा इंजिनिअर कुठे लाल शाई ओढणार हे त्याला आधीच ठाऊक असते. हे तुमचे बलस्थान आहे आणि ते तुम्ही एका 'व' मध्ये गाडून टाकले आहे. दोन्ही नोकऱ्यांखाली आपापल्या बाजूचे काम वेगळे लिहा.

बिलाच्या बाबतीत परीक्षकाला संख्येपेक्षा दोन गोष्टींत रस असतो: मागितलेले आणि प्रमाणित झालेले यांत किती अंतर राहत होते, आणि ते अंतर पुढे कुठे गेले. 1999 च्या रेड बुकमध्ये कलम 14.3 नुसार महिनाअखेरीनंतर जे निवेदन द्यायचे असते ते सुरुवातीपासूनचे एकत्रित असते: झालेल्या कामाचे मूल्य, व्हेरिएशन, किमतीतील बदल, मालकाने रोखून ठेवायची रिटेन्शनची रक्कम, आगाऊ रकमेची वसुली, साइटवर आणलेले साहित्य, आणि शेवटी आधी प्रमाणित झालेल्या रकमेची वजावट. इंजिनिअरने निवेदन आणि आधारकागद मिळाल्यापासून 28 दिवसांत प्रमाणपत्र द्यायचे असते आणि मालकाने इंजिनिअरला निवेदन मिळाल्यापासून 56 दिवसांत पैसे द्यायचे असतात. ही मुदत पाठ असणे ठीकच, पण तिच्यावरून कोणाची निवड होत नाही.

निवड होते ती त्या शेवटच्या वजावटीवरून. समजा मागच्या महिन्यापर्यंत तुम्ही एकूण 60 लाख मागितले आणि त्यातले 55 लाख प्रमाणित झाले. उरलेले 5 लाख मापांचा कागद अपुरा म्हणून थांबले. या महिन्यापर्यंतचे एकत्रित काम 72 लाखांचे आहे. बरोबर मागणी 72 मधून 55 वजा जाता 17 लाखांची. पण ज्याने एक्सेलच्या जुन्या पानावरून 'मागील' हा रकाना जसाच्या तसा उचलला आणि तो रकाना स्वतःच्या मागणीचा होता, तो 72 मधून 60 वजा करून 12 लाख मागतो. वादातले 5 लाख कोणी नाकारलेले नसतात, कोणी सोडूनही दिलेले नसतात. ते निव्वळ मागणीतून गळून पडतात. पुढच्या महिन्यात पुन्हा 'मागील' रकाना तसाच उचलला की ते परत दिसतही नाहीत. एका कामावर रुजू झाल्यावर मी आधीच्या माणसाच्या सलग चार बिलांत हीच चूक पाहिली. ती सापडली तीही हिशेब तपासताना नव्हे, तर बँकेत आलेल्या रकमा प्रमाणपत्रांशी जुळवताना. तेव्हापासून मी बिलाच्या पानावर मागितलेले, प्रमाणित आणि मिळालेले असे तीन स्वतंत्र रकाने ठेवतो. तुम्हीही तसे ठेवत असाल, तर त्या एका गोष्टीने रेझ्युमेतली ओळ जिवंत होते.

म्हणून बिलांची ओळ साधारण अशी असावी: 'कंत्राटदाराच्या बाजूने सलग अमुक महिने मासिक निवेदन तयार केले, मागणी, प्रमाणन आणि प्राप्ती यांचा स्वतंत्र ताळा ठेवला, संयुक्त मोजमापाची पत्रके बिलाआधी सही करून घेण्याची पद्धत लावल्यावर थांबवलेली रक्कम अमुक टक्क्यांवरून अमुक टक्क्यांवर आली.' आकडे तुमच्या स्वतःच्या बिलांतून काढा. ते अंदाजाने भरलेत तर पहिल्याच उपप्रश्नाला उघडे पडाल. कंत्राटाची रक्कम गोपनीय असेल तर ती लिहू नका, टक्केवारी पुरते.

आता पाइलिंगकडे वळू. 'पाइलिंगचे प्रमाण 30 टक्के वाढल्याने व्हेरिएशन सादर करून मंजूर करून घेतले.' फिडिक जाणणारा माणूस इथे 'व्हेरिएशन', म्हणजे कंत्राटातल्या कामात केलेला बदल, या शब्दापाशी थांबतो. 1999 च्या रेड बुकमधले कंत्राट पुनर्मोजणीचे असते. बीओक्यूतले, म्हणजे कंत्राटासोबतच्या आयटम आणि प्रमाणांच्या यादीतले, प्रमाण हा अंदाज असतो आणि पैसे प्रत्यक्ष मोजलेल्या प्रमाणाचे मिळतात. प्रमाणातील बदल व्हेरिएशनमध्ये येऊ शकतो, पण येतोच असे नाही, हे 13.1 मध्येच लिहिलेले आहे. ड्रॉइंगमध्ये काहीच न बदलता कठीण थर खोल लागला म्हणून पाइल लांबले असतील, तर वाढीव लांबी मोजून त्याच दराने बिलात घालायची. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नव्हती. मग तुम्ही मंजूर नेमके काय करून घेतले? पाइलची संख्या किंवा व्यास बदलण्याचे इंजिनिअरचे लेखी निर्देश आले असतील तर ते व्हेरिएशन, आणि ते तसे लिहायला हवे. निर्देश नसतील आणि तुम्ही नवा दर मिळवला असेल, तर ते 12.3 खालचे पुनर्मूल्यांकन होते. ते अधिक अवघड काम आहे आणि नेमके तेच तुम्ही चुकीच्या नावाखाली लिहिले आहे.

12.3 मध्ये केवळ प्रमाण बदलल्यामुळे आयटमला नवा दर लागू व्हायचा तर चार गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. मोजलेले प्रमाण बीओक्यूपेक्षा 10 टक्क्यांहून अधिक बदललेले असावे. प्रमाणातील बदल गुणिले मूळ दर ही रक्कम स्वीकृत कंत्राट रकमेच्या 0.01 टक्क्यांहून अधिक असावी. प्रमाणातील बदलामुळे थेट त्या आयटमचा प्रतिएकक खर्च 1 टक्क्याहून अधिक बदललेला असावा. आणि तो आयटम कंत्राटात 'निश्चित दराचा' म्हणून नोंदवलेला नसावा. पहिल्या दोन अटी कोणीही बिलावरून तपासू शकतो आणि चौथी कंत्राट उघडून पाहिली की संपते. सगळा कस तिसऱ्या अटीवर लागतो, आणि तिसरी अट दराची फोड असल्याशिवाय तपासताच येत नाही. जाहिरातीतल्या तीन अटी एकमेकींना कुठे भेटतात ते इथे दिसते.

आकडे घालून पाहू. चलन कोणतेही समजा. कंत्राट 5 कोटींचे. पाइलिंगचा आयटम 800 मीटरचा, दर 200. प्रत्यक्ष मोजमाप 1,040 मीटर. वाढ 240 मीटर, म्हणजे 30 टक्के. पहिली अट पूर्ण. 240 गुणिले 200 म्हणजे 48,000, कंत्राटाच्या 0.01 टक्क्याची रक्कम 5,000, दुसरीही पूर्ण. आता फोड. 200 च्या दरात नफा 20 आणि खर्च 180 धरलेला होता. त्या 180 पैकी 160 प्रत्येक मीटरला लागणारा खर्च: काँक्रीट, सळई, पाइल खणणाऱ्या रिगचे तास, माणसे. उरलेले 20 म्हणजे रिग साइटवर आणून उभी करणे आणि परत नेणे यांसाठीचे 16,000, जे निविदेच्या वेळी 800 मीटरवर पसरले होते. रिग एकदाच आली. लांबी 1,040 झाल्यावर तेच 16,000 अधिक मीटरांवर पसरले आणि प्रतिमीटर 20 ऐवजी 15.38 झाले. खर्च 180 वरून 175.38 वर आला, म्हणजे सुमारे 2.56 टक्क्यांनी घटला. तिसरी अट पूर्ण झाली, नवा दर लागू होतो, आणि तो खाली जातो. नफ्याचे प्रमाण तेच ठेवले तर नवा दर 194.87 च्या आसपास येतो आणि 1,040 मीटरवर कंत्राटदाराचे सुमारे 5,333 कमी होतात.

प्रमाण वाढले म्हणून उत्साहाने 12.3 चा अर्ज करणारा कंत्राटदाराचा सर्व्हेअर असा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. हे कलम फक्त दर वाढवून मिळण्यासाठी आहे अशी समजूत मी अनुभवी लोकांतही पाहिली आहे.

आता तीच घटना वेगळ्या फोडीने पाहा. रिग आणण्याचे 16,000 पाइलिंगच्या दरात न धरता प्राथमिक खर्चाच्या यादीत स्वतंत्र आयटम म्हणून धरले असते आणि दरातले सगळे 180 मीटरमागे लागणारेच असते, तर प्रतिमीटर खर्च 180 होता आणि 180 च राहिला असता. तिसरी अट पूर्ण होत नाही. जुना दर जसाच्या तसा टिकतो. आणि तिसरी शक्यता अशी की फोड पहिलीच, पण वाढीव लांबी वेळेत पुरी करण्यासाठी दुसरी रिग आणावीच लागली. मग आणण्या-नेण्याचे एकूण 32,000 आणि मीटरमागे लागणारे 1,66,400 मिळून 1,98,400. भागिले 1,040 म्हणजे 190.77. खर्च सुमारे 6 टक्क्यांनी वाढला आणि नवा दर 212 च्या जवळपास जातो. मात्र इथे दुसरी रिग केवळ प्रमाण वाढल्यामुळे लागली, तुमच्या स्वतःच्या उशिरामुळे नव्हे, हे दाखवावे लागेल, कारण अटीत 'थेट' हा शब्द आहे आणि इंजिनिअर नेमके त्यावरच बोट ठेवतो. कार्यक्रमपत्रक, रिगच्या रोजच्या नोंदी आणि पाइलनिहाय खोलीची पत्रके हा तिथला पुरावा.

प्रमाण तेच, मूळ दर तोच, कलम तेच. आणि दराच्या पोटात काय होते यावर उत्तर 195, 200 किंवा 212. हे तीन आकडे ज्याला मुलाखतीत कागदावर मांडता येतात त्याला 'फिडिकचे ज्ञान आहे का' असे कोणी विचारत नाही.

म्हणून मला तुम्हाला विचारायचे आहे, आणि त्याचे उत्तर तुम्हीच रेझ्युमेत द्यायचे आहे: तुमच्या त्या प्रकरणात दर वर गेला की नुसते प्रमाण मान्य झाले? दराची फोड तुम्ही केली की निविदा विभागाकडून तयार मिळाली? फोड समोरच्या इंजिनिअरला दाखवली का, आणि त्याने कोणता भाग नाकारला? नुसते प्रमाण मान्य झाले असेल तर ती ओळ बिलांच्या भागात न्या आणि 'व्हेरिएशन' हा शब्द काढा. फोड तुम्ही केली असेल तर ओळ अशी होऊ शकते: 'पुनर्मोजणीच्या कंत्राटात पाइलिंगचे प्रमाण बीओक्यूपेक्षा 30 टक्के वाढले, रिगच्या स्थिर खर्चाची फोड करून 12.3 च्या अटी तपासल्या आणि इंजिनिअरसोबत दर निश्चित केला.' आणि तपासणीनंतर अर्ज न करण्याचा सल्ला तुम्ही दिला असेल, तर तेही निःसंकोच लिहा. दर खाली जाण्याची शक्यता ओळखून गप्प राहायला सुचवणारा सर्व्हेअर मुख्य कंत्राटदाराला अर्ज करणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगाचा वाटेल. मात्र इंजिनिअर स्वतःहूनही हा मुद्दा काढू शकतो, तेव्हा तुमचे उत्तर तयार होते का, हा उपप्रश्न येणारच.

दाव्यांबद्दल जाहिरातीत थेट काही नाही, पण 1999 च्या रेड बुकचे नाव घेतले की दाव्यांचे कलम 20.1 मागोमाग येते. घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, 28 दिवसांत सूचना दिली नाही तर मुदतवाढ आणि जादा पैसे या दोन्हींवरचा हक्क जातो. तपशीलवार दावा 42 दिवसांत द्यायचा असतो. 2017 च्या आवृत्तीत सूचनेचे 28 दिवस तसेच आहेत, तपशिलाची मुदत मात्र 84 दिवसांची झाली आणि कलमाचा क्रमांक 20.2 झाला. म्हणून रेझ्युमेत नुसते 'फिडिक' लिहू नका. आवृत्तीचे साल आणि पुस्तकाचा रंग लिहा. यलो बुकमधले डिझाइन-अँड-बिल्डचे काम एकरकमी असते आणि तिथे वरचा पुनर्मोजणीचा सगळा खेळच नसतो. तुमच्या चार वर्षांतले एखादे कंत्राट तसे असेल आणि तुम्ही सरसकट 'फिडिक' लिहिले असेल, तर परीक्षकाचा पहिलाच प्रश्न तुम्हाला गोंधळात टाकेल. तुम्ही स्वतः सूचनापत्राचा मसुदा केला असेल, निदान तारखांची नोंदवही ठेवली असेल, तर एवढे एक वाक्य घाला. सूचना तुमच्या वरिष्ठांनी दिली आणि तुम्ही फक्त आकडे पुरवले, असे असेल तर तसेच लिहा. आकडे पुरवणे हे कमीपणाचे काम नाही. पण दुसऱ्याची सही आपली म्हणून दाखवली की पुढच्या प्रश्नाला ती टिकत नाही.

मांडणीबद्दल थोडेच. पहिल्या पानावरचा 'उद्दिष्ट' हा परिच्छेद काढा आणि त्या जागी दोन नोकऱ्या, प्रत्येकीखाली बाजू, कंत्राटाचा प्रकार आणि आवृत्ती अशी एक ओळ द्या. जाहिरातीतले शब्द जिथे खरे लागू पडतात तिथे तसेच वापरा, कारण पहिली चाळणी बहुधा शब्द जुळवणारे सॉफ्टवेअर किंवा मनुष्यबळ विभागातला बिगर-तांत्रिक माणूस करतो, आणि त्याला 'आरए बिल' आणि 'अंतरिम बिल' एकच आहेत हे माहीत असेलच असे नाही. सॉफ्टवेअरची यादी शेवटी न ठेवता ज्या कामात जे वापरले त्या कामाच्या ओळीतच ते नाव येऊ द्या. पाइलिंगची ओळ मात्र पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात हवी. सध्या ती दुसऱ्या पानावर, संगणक प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राखाली आहे.

आणि रेझ्युमे पाठवण्याआधी एक काम करा. त्या पाइलिंगच्या दराची फोड स्मरणातून एका कोऱ्या एक्सेल पानावर पुन्हा मांडा: मीटरमागे लागणारा खर्च वेगळा, एकदाच होणारा खर्च वेगळा, नफा वेगळा, आणि प्रमाणाचा आकडा बदलला की दर आपोआप बदलेल असे सूत्र. जुन्या कंपनीचे आकडे नकोत, काल्पनिक घ्या. ते पान अर्ध्या तासात तयार झाले तर 'दरांची फोड' हे शब्द रेझ्युमेत निर्धास्त लिहा. झाले नाही, तर ते शब्द लिहिण्याआधी चार-पाच आयटमांच्या फोडी करून पाहा आणि मगच या जागेसाठी अर्ज पाठवा.